ठुशीच्या मण्यात दिसणारी खोली

ऑनलाइन विकायला ठेवलेल्या एखाद्या ठुशीचा फोटो बोटांनी मोठा करून पाहा. मणी पुरेसा जवळ आला की त्यात एक चिमुकली खोली दिसू लागते. एका बाजूला खिडकीचा पांढरा चौकोन, वर ट्यूबलाइटची रेघ, मधोमध फोन धरलेल्या हातांचा काळा ठिपका आणि त्यामागे फोटो काढणारीच्या गाउनचा लाल रंग. ठुशीत असे बारीक गोल मणी दाटीने ओवलेले असतात आणि प्रत्येक मण्यात हीच खोली पुन्हा उमटते. धातूला स्वतःचा रंग असतो, पण चकचकीत धातू बराचसा रंग शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून उसना घेतो. म्हणून दागिन्याचा फोटो काढताना खरं काम कॅमेऱ्याशी नसतं. मण्याला आजूबाजूला काय दिसणार, हे ठरवण्याचं ते काम असतं.

घरच्या घरी वन ग्रॅम गोल्डचे दागिने, मोत्याच्या नथी, बुगड्या, तन्मणी विकणाऱ्या स्त्रिया आज महाराष्ट्रात गावोगावी आहेत. व्हॉट्सअ‍ॅपचा कॅटलॉग किंवा इन्स्टाग्रामचं पान हेच त्यांचं दुकान. गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन पाहू शकत नाही, त्यामुळे पार्सल उघडल्यावरच्या तक्रारी ठरलेल्या असतात. ‘फोटोत पिवळीधमक होती, आली ती तांबूस निघाली’ किंवा ‘नथ एवढीशीच आहे?’ माल वाईट असतो म्हणून हे होतं असं नाही. बरेचदा माल ठीक असतो आणि फोटो खोटं बोललेला असतो, तेही काढणारीच्या नकळत. ठुशीचा फोटो नीट जमला तर साबण, मेणबत्त्या, मातीचे कप किंवा विणलेल्या वस्तू सोप्या वाटतात, कारण त्यांना आरशासारखं अंग नसतं. म्हणून इथे अवघड गोष्टच हाती घेऊ.

सुरुवात खिडकीपासून. सूर्याचं थेट ऊन ठुशीवर पडलं तर प्रत्येक मण्यावर टाचणीच्या टोकाएवढा पांढराशुभ्र ठिपका चमकतो आणि बाकीचा मणी जवळजवळ काळा पडतो. फोनचा फ्लॅशही हेच करतो. कारण साधं आहे. वस्तूच्या जागेवरून पाहिलं तर सूर्य आकाशात अगदी लहान दिसतो, आणि प्रकाशाचा उगम जितका लहान दिसेल तितकी सावली धारदार पडते आणि चमक बोचरी होते. मण्यावर लांबट, मऊ झळाळी हवी असेल तर त्याला प्रकाशाचा मोठा पृष्ठभाग दिसला पाहिजे. आकाशाचा मोठा तुकडा दिसणारी पण ऊन न येणारी खिडकी असा पृष्ठभाग देते. म्हणून चित्रकार पूर्वीपासून उत्तरेची खिडकी पसंत करतात.

हा उत्तरेचा नियम युरोपात जितका पक्का आहे तितका आपल्याकडे नाही. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मुंबई-पुण्याकडे दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो, आणि उन्हाळाभर सकाळ-संध्याकाळी तो ईशान्य आणि वायव्येकडून आत डोकावतो. अशा वेळी, किंवा घरात पूर्व-पश्चिमेचीच खिडकी असेल तर, तिच्यावर पांढरं पातळ कापड ताणून लावावं. जुनं धुतलेलं मलमलचं धोतर झकास चालतं. चित्रकलेच्या दुकानात मिळणारा ट्रेसिंग पेपरही चालतो. ऊन कापडावर पडलं की ते सगळं कापडच प्रकाशाचा उगम होतं, आणि लहान सूर्याच्या जागी मण्याला चार-पाच फुटांचा उजळ पडदा दिसतो. फक्त कापड खरोखर पांढरं हवं. मोतिया रंगाचा पडदा सगळ्या फोटोंना पिवळी झाक देतो आणि मग पॉलिश चांगलं की पडदा पिवळा, हे कोणालाच सांगता येत नाही.

फ्लॅटमध्ये आणखी दोन गोष्टी आड येतात. सरकत्या खिडक्यांच्या काचा पुष्कळदा हिरवट किंवा तपकिरी असतात. त्या सरकवून उघड्या ठेवा. डासांची जाळी बराच प्रकाश खाते, तीही बाजूला करा. ग्रिल काढता येत नाही, पण तिच्या पट्ट्या मण्यांत रेघांसारख्या उमटतात. पांढरं कापड इथेही कामी येतं. समोरच्या इमारतीला भडक केशरी रंग दिला असेल, तर तिच्यावरून परतलेलं ऊन तुमच्या खोलीत केशरी होऊन येतं. त्यावर उपाय म्हणजे ऊन त्या भिंतीवर नसेल अशी वेळ निवडणं. हे ऐकायला फार चिकित्सक वाटेल, पण सोन्याच्या रंगात एवढ्याशा फरकानेच गिऱ्हाईक फसतं.

खोलीतले सगळे दिवे बंद करणं हा यातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम. दिवसाचा प्रकाश निळसर असतो आणि घरातला पिवळा बल्ब खूपच पिवळा. दोन्ही एकाच वेळी असले की फोनला एकच रंग प्रमाण मानावा लागतो, आणि तो कुठलाही मानला तरी ठुशीची एक बाजू चुकते. ओळखायची खूण अशी की फोटोतल्या पांढऱ्या कागदाकडे पाहावं. खिडकीकडचा भाग निळसर आणि पलीकडचा पिवळसर दिसला, तर कुठेतरी दिवा चालू आहे. असा फोटो नंतर दुरुस्त करता येत नाही, कारण निळं घालवायला गेलं की पिवळं वाढतं.

आता प्रत्यक्ष मांडणी. खिडकीला लागून टेबल ठेवा, म्हणजे प्रकाश एका बाजूने, समजा डावीकडून, येईल. स्टेशनरीच्या दुकानातून पांढरी, चकाकी नसलेली कार्डशीट आणा. २२ बाय २८ इंचांची शीट सर्रास मिळते आणि दागिन्याला तेवढी पुष्कळ होते. तिची एक कड मागच्या भिंतीला किंवा पुस्तकांच्या चळतीला चिकटपट्टीने लावा आणि बाकीचा कागद अलगद वळण देत टेबलावर उतरू द्या. घडी पडू द्यायची नाही. जमीन आणि भिंत यांच्यामध्ये रेघ नसली की नजर थेट वस्तूवर जाते. चादर किंवा ओढणी टाकून हे साधत नाही. कापडाची एकेक चुणी फोटोत नाल्यासारखी दिसते.

सराफाच्या दुकानातली लाल मखमल पाहून अनेकींना तीच घ्यावीशी वाटते. दुकानात ती योग्यच आहे. सोनं तिच्यावर खुलून दिसावं म्हणूनच ती असते. पण मण्यांच्या खालच्या अंगाला ती मखमलच दिसते, त्यामुळे पॉलिश आहे त्यापेक्षा तांबूस येतं. शिवाय मखमलीवरचा एकूण एक धागा दिसतो. माझ्या मते ठुशीला सगळ्यात सरस पार्श्वभूमी म्हणजे फिकट राखाडी कार्डशीट. शुभ्र पांढऱ्यावर मण्यांच्या उजळ कडा कागदात विरघळतात, राखाडीवर त्या सुट्या राहतात, आणि तरीही रंगात भर पडत नाही. एकदा निवडलेला कागद सगळ्या कॅटलॉगला तोच ठेवा. एक दागिना गुलाबी साडीवर, दुसरा फरशीवर, तिसरा केळीच्या पानावर असं दिसलं की बघणाऱ्याला हे फोटो कुठून कुठून गोळा केले आहेत असा संशय येतो, आणि तो नेहमीच चुकीचा असतो असंही नाही.

ठुशी मऊ सुती कापडाने पुसा आणि नंतर कडांना धरूनच उचला. बोटाचा तेलकट ठसा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, फोटोत दिसतो. धूळ झटकायला रंगकामाचा कोरा बारीक ब्रश पुरे. फोनची लेन्सही पुसा. खिशात किंवा पर्समध्ये राहिलेल्या लेन्सवरचं तेलकटपण सगळ्या फोटोवर धुक्याचा थर देतं, आणि लोक उगाच फोनला दोष देतात.

आता ठुशी शीटवर ठेवा आणि पहिला फोटो न काढता नुसतं पाहा. डावी बाजू झळाळते आहे, उजवी बाजू गडद आहे. उजवीकडे वीतभर अंतरावर पांढऱ्या थर्माकोलचा फूटभर तुकडा उभा केलात की उजव्या मण्यांना अंधाऱ्या खोलीऐवजी पांढरी भिंत दिसेल आणि ते उजळतील. तुकडा जवळ-दूर करत सावली किती ठेवायची ते ठरवा. ती पूर्ण घालवू नका. सावलीशिवाय गोल मणी चपटा वाटतो. उलट सगळं फारच पांढरं आणि बेचव वाटू लागलं, तर एका बाजूला, चौकटीबाहेर, काळ्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी उभी करा. मण्यांच्या कडेला बारीक काळी रेघ येते आणि सोनं एकदम धातूसारखं दिसू लागतं. ही युक्ती दागिन्यांचे व्यावसायिक छायाचित्रकारही वापरतात.

मधला काळा ठिपका म्हणजे तुमचा फोन. तो पूर्णपणे जात नाही, पण लहान करता येतो. एक तर फोन मागे न्या. दुसरं, पांढऱ्या जाड कागदाला लेन्सएवढं भोक पाडून तो फोनच्या पाठीला चिकटवा, म्हणजे मण्यांना काळा फोन न दिसता पांढरा कागद दिसेल. तुमचे कपडेही मण्यात येतात, म्हणून फोटोच्या वेळी पांढरा किंवा राखाडी कुडता घाला. लाल गाउनची तांबूस झाक गिऱ्हाइकाला कळत नाही. तिला वाटतं, पॉलिशच तसं आहे.

फोन मागे नेण्याचं कारण नुसता ठिपका नाही. फोनची मुख्य लेन्स रुंद दृश्य टिपणारी असते. तिच्याने अगदी जवळून फोटो काढला, तर पुढचे मणी फुगतात, मागचे आक्रसतात आणि ठुशीचा आकारच बदलतो. दीड-दोन वीत मागे जाऊन दुप्पट झूम लावणं बरं. काही फोन वस्तू जवळ आली की आपोआप अतिरुंद लेन्सवर उडी मारतात. पडद्यावर फुलाचं चिन्ह दिसलं तर ते बंद करा. आणि पोर्ट्रेट मोड नथीला कधीही लावू नका. मागची जागा धूसर करताना फोन नथीची बारीक तारच पार्श्वभूमी समजून पुसतो, आणि गिऱ्हाइकाला तार नसलेली नथ दिसते.

फोन स्टँडवर किंवा पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवा आणि दोन-तीन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबल्याचा धक्का लागत नाही. पावसाळ्यात हे फार महत्त्वाचं. ढगाळ आकाश म्हणजे निसर्गाने ताणलेला भलामोठा पांढरा पडदाच, त्यामुळे प्रकाश मऊ असतो; पण तो कमी असतो, फोन शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि हात जरासा हलला तरी मणी पसरट होतात. असा प्रकाश थोडा निळसरही असतो.

ठुशीवर बोट दाबून धरा. आयफोनच्या पडद्यावर AE/AF LOCK असं येतं, बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये कुलुपाचं चिन्ह. मग शेजारच्या सूर्याच्या चिन्हाने उजेड कमी-जास्त करा. फोनचा हिशेब असा असतो की समोरचं दृश्य सरासरी मध्यम उजळ असणार. म्हणून पांढरा कागद भरपूर दिसला की तो त्याला मळकट राखाडी करतो, आणि काळ्या कापडावर तोच फोन सगळं पांढरटवून टाकतो. पांढऱ्या शीटवर उजेड जरा वाढवावा लागतो. किती, हे मणीच सांगतात. फोटो मोठा करून पाहा. दोन मण्यांमधली बारीक रेघ दिसत असेल तर ठीक. झळाळी वाहून जाऊन शेजारचे मणी एकमेकांत मिसळले असतील, तर उजेड जास्त झाला. तो तपशील नंतर कुठल्याही अ‍ॅपने परत येत नाही. थोडा गडद फोटो मात्र उजळता येतो.

रंगाची कसोटी घ्यायची तर तिथेच, खिडकीपाशी. फोन ठुशीच्या शेजारी धरा आणि आळीपाळीने दोन्हींकडे पाहा. त्याआधी फोनच्या पडद्याचा भडक रंगांचा पर्याय बंद करून नैसर्गिक रंगांचा निवडा आणि रात्री डोळ्यांसाठी वापरतो ती पिवळी छटाही बंद असल्याची खात्री करा. नाही तर तुम्ही फोटो तपासत नसून पडदा तपासत असता. फरक असेल तर स्नॅपसीडसारख्या अ‍ॅपमधल्या White Balance मध्ये थेंबनळीचं चिन्ह असतं, ते राखाडी शीटवर टेकवा. शीट रंगहीन झाली की सोनंही आपल्या जागी येतं. सॅच्युरेशन वाढवण्याचा मोह मात्र आवरा. पिवळेपण वाढवलेला फोटो जास्त लाइक आणतो आणि जास्त परत आलेली पार्सलंही.

मोती आणि खड्यांची गोष्ट थोडी निराळी. मोत्याला मऊ प्रकाश मानवतो. चांगल्या मोत्यावर खिडकीचं प्रतिबिंब रेखीव येतं, हलक्यावर ते खडूसारखं पसरतं, म्हणजे फोटोच मोत्याचा दर्जा सांगून जातो. अमेरिकन डायमंडचे खडे मात्र अशा मऊ प्रकाशात मेल्यासारखे दिसतात, कारण त्यांची लकाकी लहान, तीव्र प्रकाशातूनच येते. त्यांच्यासाठी खिडकीवरचं कापड एका कोपऱ्यात चार बोटं उचलून आकाशाचा उजळ तुकडा आत येऊ द्यावा. बानू नथीत मोती आणि खडे दोन्ही असतात, तेव्हा पूर्ण मऊ आणि पूर्ण तीव्र यांच्या मधलाच रस्ता काढावा लागतो, आणि त्यात काही ना काही सोडावं लागतं. मी मोत्याच्या बाजूने झुकेन.

एका ठुशीला माझ्या मते पाच फोटो पुरेत. समोरून संपूर्ण, मण्यांचा जवळून, मागची बाजू आणि दोरा, मोजपट्टीशेजारी, आणि गळ्यात घातलेली. मागचा फोटो बहुतेकजणी टाळतात, कारण तिथे जोड दिसतात, फास दिसतो, पॉलिशचा एखादा पातळ भाग दिसतो. पण गिऱ्हाईक नेमकं तेच पाहायला पान उलटून उलटून बघत असतं. नथीसाठी तर मागची बाजू अनिवार्य. ती टोचलेल्या नाकाची आहे की प्रेसची, हे तिथेच कळतं. मापासाठी मोजपट्टी सर्वांत बरी. नाणं ठेवायचं तर दहा रुपयांचं ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. रुपयाची नाणी वेगवेगळ्या वर्षांत वेगवेगळ्या आकारांची निघाली आहेत, त्यामुळे त्यांनी घोटाळा होतो. आणि माप फोटोखाली शब्दांतही लिहा, वन ग्रॅम गोल्ड म्हणजे सोन्याचा मुलामा आहे हेसुद्धा.

मोठ्या संकेतस्थळांवर विकायचं असेल तर तिथले नियम वेगळे. अ‍ॅमेझॉनला मुख्य फोटोची पार्श्वभूमी पूर्ण पांढरी लागते, म्हणजे संगणकाच्या भाषेत तिन्ही रंग 255. वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा आणि फोटोवर मजकूर किंवा दुकानाचं नाव असू नये, अशी अट असते. खिडकीतल्या पांढऱ्या कागदाचा फोटो कधीच इतका शुभ्र येत नाही. त्यामुळे पार्श्वभूमी नंतर कापावी लागते. आपोआप कापणारी साधनं नथीची तार आणि ठुशीचा दोरा खातात, म्हणून कापलेला फोटो मोठा करून कडा हाताने तपासल्याशिवाय चढवू नका. बाकीच्या चार फोटोंना राखाडी शीट चालते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना साधा फोटो बारीक होतो. मण्यांचा जवळचा फोटो HD पर्यायाने किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तरच त्याचा उपयोग.

प्रकाश दर तासाला बदलतो. सकाळी दहाची ठुशी आणि संध्याकाळी पाचची ठुशी एकाच लॉटची असूनही दोन वेगळ्या पॉलिशच्या वाटतील. म्हणून आठवड्याचा सगळा माल एका बैठकीत उरका, शीट, थर्माकोल आणि फोनच्या जागा टेबलावर पेन्सिलने आखून ठेवा आणि पुढच्या वेळी त्याच वेळेला बसा.

ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० पासून लागू आहेत. ऑनलाइन बाजारपेठेवर विकणाऱ्याने केलेली जाहिरात वस्तूच्या प्रत्यक्ष गुणधर्मांशी जुळली पाहिजे, आणि जाहिरातीत दाखवली तशी वस्तू नसेल तर ती परत घ्यायला नकार देता येत नाही, असं ते सांगतात. फोटो हीसुद्धा जाहिरातच. त्यामुळे कारागिराकडून नवा लॉट आला की जुन्या फोटोवर विसंबू नका. पॉलिश दर वेळी थोडं बदलतं, मणी बदलतात, कधी दोऱ्याचा रंगही बदलतो. नवी ठुशी खिडकीशी न्या आणि तिचे पाचही फोटो नव्याने काढा.